बारा किलोचे मूल, साठ मिनिटांची सलाईन

देवगडजवळच्या एखाद्या मच्छीमार वस्तीतील तीन वर्षांचे मूल डोळ्यांसमोर आणू या. पायात गळ रुतून झालेली जखम चिघळली, संसर्ग हाडापर्यंत पोहोचला आणि पुवाच्या तपासणीत नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस सापडला. अशा वेळी बालरोगतज्ज्ञ व्हँकोमायसिनची निवड करतात. पोटातून घेतलेले हे औषध रक्तात जवळजवळ शोषलेच जात नाही, म्हणून हाडाच्या संसर्गासाठी ते शिरेतूनच द्यावे लागते.

डोस ठरतो वजनावर. गंभीर संसर्गात मुलाला साधारणपणे दर किलोमागे 15 मिलिग्रॅम औषध दर सहा तासांनी दिले जाते. आपले मूल 12 किलोचे आहे, म्हणजे एका वेळी 180 मिलिग्रॅम. मूल रडते, पायाला जड स्प्लिंट बांधलेला असतो, आणि मग आजी सांगते तो आकडा केसपेपरवर लिहिला जातो. बाराऐवजी पंधरा किलो लिहिले गेले, तर प्रत्येक डोस 225 मिलिग्रॅमचा होतो, म्हणजे हवा त्याच्या सव्वापट. त्यापेक्षा आईला मुलासह काट्यावर उभे करून, मग तिचे एकटीचे वजन वजा करावे आणि स्प्लिंटचे वजनही विसरू नये. लहान मुलांची निरोगी मूत्रपिंडे हे औषध मोठ्यांच्या तुलनेत लवकर बाहेर टाकतात, म्हणून त्यांना किलोमागे जास्त औषध लागते; नवजात बाळांची मूत्रपिंडे मात्र अजून पुरती तयार नसल्याने त्यांचे हिशेब वेगळेच असतात.

आता सलाईनकडे येऊ. 500 मिलिग्रॅमच्या बाटलीत 10 मिली निर्जंतुक पाणी घातले की, एका मिलीत 50 मिलिग्रॅम औषध होते, तेव्हा 180 मिलिग्रॅमसाठी 3.6 मिली काढायचे. ते तसेच शिरेत सोडणे धोक्याचे आहे. एका मिलीत 5 मिलिग्रॅमपेक्षा अधिक औषध नसावे, म्हणून ते सलाईनमध्ये मिसळून एकूण 40 मिली करतात आणि किमान साठ मिनिटे चालवतात. सिरिंज पंप नसेल, तर साठ थेंबांचा एक मिली होणारा मायक्रोड्रिप सेट फार सोयीचा पडतो, कारण ताशी 40 मिली म्हणजे मिनिटाला बरोबर 40 थेंब.

घाई केली तर काय होते? औषध वेगाने रक्तात शिरले की, ते त्वचेतील मास्ट पेशींना थेट चेतवते आणि त्यांच्यातून हिस्टामिन बाहेर पडते. चेहरा, मान आणि छातीचा वरचा भाग लालबुंद होतो, मूल खाजवू लागते, क्वचित रक्तदाबही उतरतो. ही खऱ्या ॲलर्जीतली प्रतिपिंडांची प्रतिक्रिया नव्हे, त्यामुळे बहुतेकदा औषध कायमचे सोडावे लागत नाही. सलाईन लगेच थांबवतात, गरजेप्रमाणे अँटिहिस्टामिन देतात, आणि लाली ओसरल्यावर निम्म्या वेगाने, म्हणजे मिनिटाला वीस थेंबांनी, उरलेले औषध देतात. पुढचे डोस दोन तासांवर नेतात. मात्र श्वासाला घरघर लागली, ओठ किंवा जीभ सुजली, तर ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी ॲलर्जी, समजूनच उपचार करावे लागतात. सलाईन लवकर संपावी म्हणून नातेवाईक कधीकधी चाक सैल करतात. त्यांना कारण सांगितले, तर तेच थेंबांवर पहारा ठेवतात, असे मला मनापासून वाटते.

डोस बरोबर पडतो आहे का, हे रक्तातील ट्रफ पातळीवरून कळते, म्हणजे पुढचा डोस सुरू होण्याआधी औषध सर्वांत कमी असते तेव्हाची पातळी. पहिला डोस सकाळी सहाला दिला, तर चौथा रात्री बाराला येतो, आणि तोवर पातळी जवळजवळ स्थिरावलेली असते. रक्त साडेअकराला घ्यायचे, औषध चालू असलेला हात सोडून दुसऱ्या हातातून. समजा अहवाल दर लिटरमागे 31 मिलिग्रॅम असा आला. डोस लगेच कमी करण्याआधी नोंदवही पाहावी: रक्त सव्वा वाजता, डोस संपल्या संपल्या घेतले असेल, तर हा आकडा ट्रफ नव्हेच. तपासणी पुन्हा वेळेवर केली आणि 9 आले, मुलाचा ताप उतरत असेल, मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन स्थिर असेल, तर केवळ आकडा वाढवण्यासाठी डोस वाढवण्याचे कारण नाही. पूर्वी मोठ्यांसाठी 15 ते 20 हे लक्ष्य धरले जाई. 2020 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी गंभीर संसर्गात त्याऐवजी दिवसभरातील एकूण औषधसंपर्क मोजण्यावर भर दिला, कारण उंच ट्रफने मूत्रपिंडांना इजा होण्याची शक्यता वाढते.

नमुना दूरच्या प्रयोगशाळेत जाऊन अहवाल यायला वेळ लागतो, तोवर डॉक्टरांच्या हाती क्रिएटिनिन आणि लघवीचे मोजमाप असते. लघवी कमी झाली किंवा क्रिएटिनिन चढू लागले, तर अहवालाची वाट न पाहता पुढचा डोस रोखून विचार करावा, आणि जेंटामायसिनसारखे मूत्रपिंडांवर ताण आणणारे दुसरे औषध सोबत चालू असेल तर ही दक्षता दुप्पट ठेवावी. नमुन्याच्या नळीवर रक्त घेतल्याची वेळ आणि आधीचा डोस सुरू झाल्याची वेळ, या दोन्ही लिहून पाठवाव्यात, कारण त्यांच्याशिवाय प्रयोगशाळेतून आलेल्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.