हाइट, काइट आणि उंग : अनोळखी जर्मन नामांची उकल

जर्मन शिकू लागलेली माझी भाची गेल्या महिन्यात एका औषधाच्या खोक्यातली घडीची पत्रिका घेऊन आली. जर्मनीहून आलेल्या नातेवाइकाने ते औषध तिच्या घरी विसरले होते. पत्रिकेवर तांबड्या पेन्सिलीने खुणा केलेले तीसेक शब्द होते, आणि तिचा प्रश्न होता, "मामा, एवढे सगळे पाठ करायचे तरी कसे?" जर्मन शब्द लांबलचक असतात म्हणून ती भाषा घोकंपट्टीची, हा समज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे. खरे तर शब्द लांब असतो तो बहुधा त्याचे सांधे उघडे असतात म्हणून, आणि हे सांधे ओळखता आले की पत्रिकेतली बरीच नामे कोश न उघडता अंदाजाने लागतात.

आधी शेपट्या पाहू. 'उंग', 'हाइट' आणि 'काइट' हे तीन प्रत्यय शब्दाच्या शेवटी येतात आणि त्यांनी बनलेले नाम जर्मनमध्ये नेहमी स्त्रीलिंगी असते. एरवी जर्मन नामांचे लिंग हा शिकणाऱ्याच्या डोकेदुखीचा विषय असल्यामुळे ही सवलत लहान नाही.

'उंग' क्रियापदाला लागतो. मराठीत पेरणेची पेरणी होते आणि मोजणेची मोजणी, तसेच हे आहे. जर्मनमध्ये 'विर्केन' म्हणजे परिणाम करणे, म्हणून 'विर्कुंग' म्हणजे परिणाम. आधी 'नेबेन', म्हणजे शेजारी, जोडले की 'नेबेनविर्कुंग', म्हणजे औषधाचा मुख्य कामाशेजारी होणारा परिणाम. अशी नामे मात्र क्रियेपाशी थांबतीलच असे नाही. 'वोनेन' म्हणजे राहणे, पण 'वोनुंग' म्हणजे राहण्याची क्रिया नव्हे, तर राहण्याची जागा, फ्लॅट. आपल्याला हे नवीन वाटू नये, कारण ओढणी ही ओढण्याची क्रिया नसून वस्त्र आहे, आणि चटणी खाताना तिच्यातले 'चाटणे' कोणाच्या ध्यानातही येत नाही.

'हाइट' प्रामुख्याने विशेषणाला लागतो आणि आपल्या 'पणा' किंवा 'ता'चे काम करतो. 'क्रांक' म्हणजे आजारी, म्हणून 'क्रांकहाइट' म्हणजे आजार. हा प्रत्यय एके काळी स्वतंत्र शब्द होता. जुन्या जर्मनमध्ये 'हाइट' म्हणजे व्यक्ती, दर्जा, स्वरूप. गॉथिक भाषेत त्याचा भाऊबंद 'हाइदुस' होता, म्हणजे रीत, आणि संस्कृतमध्ये त्याच कुळातला शब्द आहे 'केतु', म्हणजे तेज, खूण, ध्वज. मूळच्या 'क'चा जर्मन कुळात 'ह' होतो, हा नियम याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये मांडला. इथे दोन गोष्टी बाजूला सांगून टाकतो. नवग्रहशांतीत केतूसाठी म्हटल्या जाणाऱ्या ऋग्वेदातल्या ऋचेत 'केतु' हा शब्द उजेड किंवा खूण या अर्थाने आला आहे. त्यात ग्रहाचा संबंध नाही. आणि या साम्यावरून 'जर्मन संस्कृतातून निघाली' असे निरोप फिरवणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की या दोघी बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत.

आता माझा आवडता भाग, म्हणजे 'काइट'. हा प्रत्यय कोणी घडवला नाही. तो ऐकण्यातल्या चुकीतून जन्माला आला. मध्ययुगीन जर्मनमध्ये 'एविक' म्हणजे शाश्वत असे विशेषण होते. आज ते 'ग'ने लिहितात, पण तेव्हा शब्दाच्या शेवटी त्याचा उच्चार कठोर, 'क'सारखा होत असे. त्याला 'हाइट' लावले की 'एविक-हाइट'. वेगाने बोलताना 'क' आणि 'ह' एकमेकांत मिसळले आणि ऐकणाऱ्याच्या कानी 'एवेकाइट' असे काहीसे पडू लागले. आता हा 'क' डावीकडच्या विशेषणाचा की उजवीकडच्या प्रत्ययाचा? ऐकून ते कळण्याचा मार्गच नव्हता. पुढच्या पिढ्यांनी तो प्रत्ययाच्या पदरात टाकला आणि 'काइट' हा नवाच तुकडा हाती आला. मग तो जिथे 'क' कधीच नव्हता अशा विशेषणांनाही लागू लागला. 'डांकबार' म्हणजे कृतज्ञ, त्यापासून 'डांकबारकाइट' म्हणजे कृतज्ञता. आपल्याकडे 'असुर' या शब्दातला 'अ' नकाराचा समजून 'सुर' हा शब्द मागाहून घडवला गेला, ती चूक आणि ही चूक एकाच जातीची.

गंमत इथेच संपत नाही. विशेषणांच्या शेवटचा 'इग' लेखनात पुन्हा स्पष्ट झाला, तेव्हा 'इग' आणि 'काइट' हे शेजारी शेजारी दिसू लागले, आणि लोकांनी 'इगकाइट' हा अख्खा जोडच प्रत्यय मानला. म्हणून 'आर्बाइट्सलोस', म्हणजे बेरोजगार, याचे नाम 'आर्बाइट्सलोसिगकाइट' असे होते, जरी 'आर्बाइट्सलोसिग' असे विशेषण भाषेत नाही. शिकणाऱ्याला याचा उपयोग असा, की 'काइट' काढल्यावर आधी 'इग', 'लिख', 'बार' किंवा 'झाम' दिसतो का ते पाहावे; 'इग' काढूनही अर्थपूर्ण शब्द उरतो का, हे त्यानंतर तपासावे.

पत्रिकेतला एक शब्द घेऊ : 'आबहेंगिगकाइट'. शेवटचा 'काइट' सोडवला, 'आबहेंगिग' उरले. 'इग' सोडवला, 'आबहेंग' उरले. 'हेंगेन' म्हणजे लोंबणे आणि 'आब' म्हणजे खाली, दूर. म्हणजे कशाला तरी लोंबून असणे. मराठीत 'अवलंबून' या शब्दातही 'अव' आणि 'लंब' हेच दोन तुकडे त्याच अर्थाने बसले आहेत. म्हणून अंदाज निघाला : अवलंबित्व. औषधाच्या पत्रिकेत त्याचा अर्थ होतो औषधाची सवय लागणे, त्याच्यावाचून न चालणे. अंदाजाने जवळ नेले आणि उरलेले अंतर संदर्भाने तोडले. याच शब्दाच्या आधी 'उन' लावला की 'उनआबहेंगिगकाइट', म्हणजे स्वातंत्र्य. हा 'उन' आणि आपला नकारार्थी 'अन्' मात्र खरोखरच एका मुळाचे आहेत.

ही युक्ती कुठे फसते तेही पाहिले पाहिजे. 'श्प्रुंग' म्हणजे उडी. त्याच्या शेवटी 'उंग' ऐकू येतो, पण तो काढला तर 'श्प्र' उरते, ज्याला काहीच अर्थ नाही. शिवाय शब्द पुल्लिंगी आहे. लिंग आणि उरलेला तुकडा, या दोन खुणांनी खोटा प्रत्यय पकडता येतो. दुसरी फसगत अर्थ सरकल्याची. 'फ्ल्यूसिग' म्हणजे पातळ, वाहते, पण 'फ्ल्यूसिगकाइट' हा बहुधा वाहतेपणा नसून प्रत्यक्ष द्रव असतो. अशा वेळी अनेकवचन मदतीला येते. निव्वळ गुणाला सहसा अनेकवचन नसते, म्हणून 'फ्ल्यूसिगकाइटेन' असे दिसले की समोर गुण नसून वस्तू आहेत असे धरावे. तिसरी अडचण जवळजवळ सारख्या जोड्यांची : 'मेन्शहाइट' म्हणजे मानवजात, 'मेन्शलिखकाइट' म्हणजे माणुसकी. इथे मधला 'लिख' चुकला तर वाक्याचा अर्थच पालटतो.

भाचीने हे सगळे ऐकून घेतले आणि 'नेबेनविर्कुंग'च्या यादीतल्या 'फेरश्टोप्फुंग'वर बोट ठेवले. 'उंग' तिने काढला. 'श्टोप्फेन' म्हणजे ठासून भरणे, बुजवणे, हे तिला वर्गात शिकवले होते. सुरुवातीचा 'फेर' तिला नीट लागेना. "काहीतरी बुजणे," ती म्हणाली, थोडी थांबली, यादीतल्या 'मळमळ' आणि 'अतिसार' या अर्थांच्या शेजारच्या शब्दांकडे पाहिले आणि हसू लागली. शब्दाचा अर्थ होता बद्धकोष्ठ.