पट्ट्यांची गोटी: हातची की यंत्रावरची?

कोकणातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यात गोट्या मिळाल्या की रंगीत पट्टे असलेली गोटी सगळ्यांना मोलाची वाटते. पट्टे यंत्रावरच्या गोटीतही असतात. खरी ओळख टोकांवर असते.

जर्मनीतल्या लाउशा गावी 1840 च्या दशकाच्या अखेरीस गोट्यांची खास कात्री निघाली. तिच्या एका पात्याला छोटी वाटी होती. कारागीर रंगीत काचेच्या कांड्या पारदर्शक काचेत घेऊन तापलेला दांडा ओढत, पिळत, त्याचं टोक वाटीत फिरवून गोल करत आणि कापून टाकत. म्हणून अशा गोटीला समोरासमोर दोन खरखरीत खुणा राहतात आणि पट्टे एका खुणेपासून निघून दुसरीपाशी संपतात. या खुणेला संग्राहक पॉन्टिल म्हणतात.

अमेरिकेत अ‍ॅक्रनच्या मार्टिन क्रिस्टेन्सेन यांना 1905 मध्ये गोट्यांच्या यंत्राचं पेटंट मिळालं. सुरुवातीला वितळलेली काच सळईवर हातानेच उचलत, पण कापलेला गोळा खाचांच्या फिरत्या चाकांमध्ये पडून गोल होई. म्हणूनच या काळातल्या गोट्या सर्वांत जास्त फसवतात: एका टोकाला रंगाचा नऊच्या आकड्यासारखा वळसा असतो, दुसरीकडे कापल्याची एखादी रेघ, पण ती घोळून गुळगुळीत झालेली. पहिल्या महायुद्धात जर्मन माल अमेरिकेत यायचा थांबला आणि तिथले कारखाने वाढले.

मालवणच्या एखाद्या डब्यात तीन गोट्या आहेत असं धरू. हिरवट, बिनपट्ट्यांची गोटी बहुधा सोड्याच्या बाटलीतली. ती बाटली हायरम कॉड यांनी 1872 मध्ये पेटंट केली. अशा गोटीला संग्राहक फारसे पैसे देत नाहीत. दुसरी दुधी, तिच्यावर लाल पट्टा, खरखरीत जागा कुठेच नाही: यंत्रावरची. तिसरी 16 मिलिमीटरची, पोटात पांढऱ्या धाग्यांची जाळी, भोवती रंगीत पट्टे, दोन्ही टोकांना पॉन्टिल. ही हातची.

तरी हुरळून जाऊ नये. हा प्रकार आणि हे माप सर्वांत जास्त मिळतं. निर्दोष असेल तर साधारण दहा-वीस डॉलर. खेळात टोले बसून टवके उडाले असतील किंवा काचेच्या आत चंद्रकोरीसारखे तडे दिसत असतील, तर भाव फार खाली येतो. 40 मिलिमीटरची तशीच गोटी मात्र कित्येक पटींनी महाग जाते, कारण मोठ्या गोट्या कमी बनल्या आणि त्यातल्या धड राहिलेल्या आणखी कमी.

कृपा करून पॉलिश करू नका. खरवडलेल्या पृष्ठभागाबरोबर पॉन्टिलही झिजतं, आणि गोटीचा पुरावाच जातो. उलट, आजचे काचकलाकारही हाताने गोट्या बनवतात, त्यांनाही पॉन्टिल असतं. तेव्हा जुनी म्हणून विकली जाणारी गोटी अगदी कोरी दिसत असेल, तर विकत घेण्याआधी दोन्ही टोकांचे जवळून काढलेले फोटो मागा.