प्रयोग (मराठी व्याकरण)

वाक्यातील कर्ता, कर्म व क्रियापद यांचा लिंग, वचन व पुरुष या बाबतींतील परस्परसंबंध म्हणजे प्रयोग. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलले तर कर्तरी, कर्माप्रमाणे बदलले तर कर्मणी आणि दोघांनाही न जुमानता नपुंसकलिंगी एकवचनी राहिले तर भावे, असे तीन मुख्य प्रकार मानतात.

कर्तरी सहसा अडत नाही. परीक्षार्थी चुकतो तो कर्मणी व भावे यांच्या सीमेवर. ‘काटोलच्या शेतकऱ्याने वासरू बांधले’ हे वाक्य घ्यावे. ‘बांधले’ हे रूप पाहून अनेकजण भावे लिहितात. पण वासराच्या जागी गाय आणली की ‘गाय बांधली’ आणि बैल आणला की ‘बैल बांधला’ असे होते. क्रियापद कर्मामागे चालले, म्हणून प्रयोग कर्मणी. वासरू स्वतः नपुंसकलिंगी असल्यामुळे तेथे ‘बांधले’ आले, एवढेच. याउलट ‘शेतकऱ्याने वासराला बांधले’ या वाक्यात गायीला, बैलाला, बैलांना असे काहीही घातले, कर्ता बदलून ‘शेतकरणीने’ केला, तरी ‘बांधले’ हलत नाही. हा भावे. तेव्हा ‘ने’वर किंवा शेवटच्या ‘ले’वर विसंबू नये, कर्त्याचे व कर्माचे लिंग-वचन पालटून पाहावे. ‘मी’, ‘तू’ यांना तर ‘ने’ लागतच नाही, तरीही ‘मी गाय बांधली’ हा कर्मणीच.

भावे प्रयोगाच्या उगमाबद्दल एकमत नाही. भूतकाळी कर्मणीचे मूळ संस्कृत ‘रामेण रावणः हतः’ यांसारख्या कृदन्त रचनेत आहे, हे सर्वमान्य आहे. मात्र संस्कृतात भावे रचना अकर्मक धातूंची (‘तेन हसितम्’). ‘वासराला बांधले’ला तेथे जोड सापडत नाही. काही जण हा जुन्या भावे रचनेचाच विस्तार मानतात. कर्माला ‘ला’सारखा प्रत्यय लागू लागल्यावर त्याची क्रियापदाशी असलेली जुळणी सुटली, हे दुसरे मत अधिक पटते. हिंदीत ‘सीता को देखा’ अशीच रचना आहे. गुजरातीत मात्र प्रत्यय लागूनही क्रियापद कर्माशी जुळते. म्हणजे भगिनीभाषांनी हा बदल सारखा केलेला नाही.

‘तू गाय बांधलीस’ येथे ‘बांधली’ कर्माकडे पाहते आणि ‘स’ कर्त्याकडे. हा कर्तृ-कर्मसंकर. बोलीत हा ‘स’ बहुधा गळतो आणि मग उरतो तो शुद्ध कर्मणी. मो. के. दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) प्रयोगविचार विस्ताराने आला आहे.

‘नागपुरात मे महिन्यात फार उकडते’ अशा वाक्यांत कर्ता दिसतच नाही. त्यांना अकर्तृक भावे किंवा भावकर्तरी म्हणतात.