हल्का-ए-जिक्र
गोल बसून, एका सुरात आणि ठरलेल्या संख्येने अल्लाहच्या नावांचा उच्चार करण्याच्या सूफी बैठकीला हल्का-ए-जिक्र म्हणतात. रोजच्या बोलण्यात ‘जिक्रची मजलिस’ किंवा नुसते ‘हल्का’ असे म्हटले जाते. ठाण्यातील राबोडी, मुंब्रा-कौसा, भिवंडी, नवी मुंबईतील तळोजा अशा वस्त्यांमध्ये मशीद, मदरसा, खानकाह म्हणजे सूफींचा मठ, किंवा एखाद्याच्या घराच्या हॉलमध्येही हा हल्का बसू शकतो. तो बहुधा जुमेरातच्या रात्री, म्हणजे गुरुवारी, मगरिब आणि इशा, म्हणजे सूर्यास्ताची आणि रात्रीची नमाज, यांच्या दरम्यान किंवा इशानंतर भरतो. सूचना सहसा उर्दूत दिल्या जातात, पण शेजारी कोकणी मुसलमान बसला असेल तर तो त्या मराठीत हळूच सांगतो. नामसप्ताहाच्या कल्पनेने येणाऱ्या मराठी माणसाला येथे टाळ-मृदंग शोधूनही सापडणार नाही. वाद्ये असली तर ती कव्वालीत, म्हणजे समाच्या मैफलीत. जिक्रात मात्र फक्त आवाज आणि श्वास.

सिलसिल्यानुसार, म्हणजे सूफी गुरुपरंपरेनुसार, पद्धत बदलते. नक्शबंदी जिक्र प्रामुख्याने मनातल्या मनात, म्हणजे खफी, चालतो. कादरी आणि चिश्ती परंपरांत जली, म्हणजे आवाजी जिक्र रूढ आहे. ‘अल्लाह’ हे इस्म-ए-जात, म्हणजे ईश्वराचे स्वतःचे नाव. ‘रहमान’, ‘हय्यु’, ‘कय्यूम’ ही गुणवाचक नावे असून हदीसमध्ये नव्व्याण्णव नावांचा उल्लेख आहे. हल्क्याच्या सुरुवातीला ही नावे पठण होतात किंवा ‘या हय्यु, या कय्यूम’ अशी हाक घातली जाते, पण बैठकीचा मुख्य भाग मोजक्या शब्दांवरच उभा असतो.

चिश्ती-साबिरी पद्धतीतली ‘बारा तसबीह’ हे त्याचे चांगले उदाहरण. हाजी इम्दादुल्लाह मुहाजिर मक्की (१८१७–१८९९) यांच्या शिष्यपरंपरेतून ती भारतभर पसरली. मूळ नेम एकट्याने करण्याचा आहे, पण तोच क्रम हल्क्यातही घेतला जातो. ‘ला इलाह इल्लल्लाह’ २०० वेळा, ‘इल्लल्लाह’ ४०० वेळा, ‘अल्लाहु अल्लाह’ ६०० वेळा आणि शेवटी नुसते ‘अल्लाह’ १०० वेळा. तसबीह म्हणजे जपमाळ, तिचे मणी शंभर, म्हणून पहिले तीन भाग मिळून बारा तसबीह होतात आणि शेवटचे शतक तेरावे. नाव मात्र बाराचेच राहिले आहे. पूर्ण क्रमाला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. नवखे जास्त असतील तर हल्का घेणारा प्रत्येक भाग शंभरावर आणतो.

ही मोजणी प्रत्येकाने करायची नसते, हे पहिल्यांदा येणाऱ्याला सहसा कोणी आधी सांगत नाही. जो तो आपापले मणी ओढू लागला की एकाचे शंभर आधी भरतात, दुसऱ्याचे नंतर, आणि सूर फाटतो. म्हणून संख्या हल्का घेणाऱ्याकडे. तो एका उच्चाराला एक मणी सरकवतो आणि शंभर भरले की मोठा मणी, ज्याला इमाम म्हणतात, बोटाला लागतो. भाग संपवताना तो लय संथ करून ‘मुहम्मदुर्रसूलुल्लाह’ असे लांबवतो. ही थांबण्याची खूण. खत्म-ए-ख्वाजगान या सूफी बुजुर्गांच्या नावाने होणाऱ्या सामूहिक पठणाच्या बैठकीत मात्र मोजणी सगळ्यांत वाटलेली असते. मधल्या पांढऱ्या चादरीवर खजुराच्या बिया किंवा चिंचोके ओतलेले असतात आणि प्रत्येक पठणाला एक बी बाजूला टाकायची असते. समोर मूठभर बिया आल्या तर आपण कोणत्या बैठकीत आहोत ते कळते.

श्वासाचे गणित सगळ्यात नाजूक. पारंपरिक वर्णनानुसार मान डाव्या गुडघ्याकडे झुकवून ‘ला’ सुरू करायचे, ते उजव्या गुडघ्यावरून उजव्या खांद्यापर्यंत ओढत ‘इलाह’ म्हणायचे आणि ‘इल्लल्लाह’चा आघात डावीकडे हृदयावर करायचा. या आघाताला जर्ब म्हणतात. हा सगळा प्रवास एकाच उच्छ्वासात होतो. श्वास ‘इल्लल्लाह’ संपल्यावर घ्यायचा, मधे नाही. कारण पूर्ण वाक्याचा अर्थ ‘अल्लाहशिवाय ईश्वर नाही’ असा आहे आणि ‘ला इलाह’पाशी दम तुटला तर ‘ईश्वर नाही’ एवढेच वाक्य उरते. दम पुरत नसेल तर ती एक फेरी गप्प बसून पुढच्या फेरीत शिरावे. ओढाताण करण्यापेक्षा हे बरे, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसऱ्या भागात लय वाढते तेव्हा नवखा माणूस हमखास चुकतो. प्रत्येक ‘इल्लल्लाह’आधी तो छातीभर श्वास ओढतो. मिनिटाला चाळीस-पन्नास खोल श्वास झाले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते. काहींना ही आध्यात्मिक अवस्था वाटते. अनुभवी जिक्र घेणारा तिला तसे मानत नाही. आवाज बंद करून, नाकाने संथ श्वास घेत बसले की मुंग्या काही मिनिटांत ओसरतात. छातीत दुखले किंवा दम लागतच राहिला तर मात्र उठावे आणि सरळ डॉक्टर गाठावा. दमा, फेफरे किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी, तसेच गरोदर बायकांनी जर्ब न मारता ओठांतल्या ओठांत म्हणावे. श्वास कोंडून मोजण्याची हब्स-ए-दम ही रीत नक्शबंदी साधकांत आहे. पहिल्या दिवशी तिच्या वाटेला जाऊ नये.

बसायचे मांडी घालून किंवा नमाजीप्रमाणे दोन्ही गुडघ्यांवर. जुन्या वर्णनांत उजव्या पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांनी डाव्या गुडघ्यामागची शीर दाबून धरण्याची आसनरीत येते. तिला ‘रग-ए-कीमास’ धरणे म्हणतात. गुडघे दुखणाऱ्याने भिंतीला टेकून किंवा खुर्चीवर बसले तरी चालते.

अदबीचे नियम थोडे आहेत, पण पाळले जातात. वजू करून, म्हणजे नमाजेआधी धुतात तसे हात-तोंड-पाय धुऊन यावे, डोके टोपीने किंवा रुमालाने झाकावे, फोन बंद ठेवावा, कच्चा कांदा-लसूण खाऊन येऊ नये. बायकांची जागा वेगळी असते, तिची आधी चौकशी करावी. जिक्र सुरू असताना आलात तर मोठ्याने सलाम करू नका, हातही मिळवू नका. गोलाच्या मधून न जाता मागून जाऊन मिळेल त्या जागी बसा. शेजाऱ्यापेक्षा वरचा आवाज लावू नये, लय हल्का घेणाऱ्याची. कोणाला वज्द, म्हणजे भावावेश आला, तो डोलू किंवा रडू लागला, तर त्याला धरू नये, त्याच्याकडे टक लावून पाहू नये आणि त्याची नक्कल तर मुळीच करू नये. पडून लागण्याची भीती असेल तेवढीच आजूबाजूची जागा मोकळी करावी. बिगरमुस्लिम पाहुण्याने घरमालकाला किंवा हल्का घेणाऱ्याला आधी विचारून मागे बसावे. हल्क्यात बसले म्हणजे बैअत, म्हणजे गुरूच्या हाती शिष्यत्वाची शपथ झाली, असे नाही. ती वेगळी आणि स्वेच्छेची गोष्ट.

सामूहिक मोठ्या आवाजातल्या जिक्राला सगळेच मुसलमान मान्यता देत नाहीत. अहले हदीस आणि काही देवबंदी उलेमांचा या ठरावीक स्वरूपाला आक्षेप आहे, तर सूफी बाजू ‘जिक्राचे हल्के’ हा शब्द असलेल्या हदीसचा दाखला देते. मशिदीत कोणी नमाज पढत असेल तर आवाज खाली आणावा, यावर मात्र फारसा वाद नाही. सोसायटीच्या फ्लॅटमध्ये भिंतीपलीकडे झोपलेले लेकरू हाही मुद्दा असतोच. शिवाय २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. समंजस मंडळी माइक न लावताच बसतात.

शेवटी दुआ होते आणि ती संपेपर्यंत उठायचे नसते. मग तबर्रुक, म्हणजे प्रसाद वाटला जातो, कधी खजूर, कधी शिरनी. तो उजव्या हाताने घ्यावा. घरी रोज जिक्र करायचा असेल तर किती वेळा आणि कोणत्या आवाजात, ते तेव्हाच हल्का घेणाऱ्याला विचारून घ्यावे. बाराही तसबीह जर्ब मारत एकट्याने सुरू करण्याची इजाजत पहिल्याच भेटीत मिळेल, अशी अपेक्षा करू नये. बहुधा शंभर ‘ला इलाह इल्लल्लाह’, तेही हलक्या आवाजात, एवढेच सांगितले जाते.