‘वय अधिक शंभर’ हा बीपीचा हिशेब चुकीचा आहे

‘माझं वय ६२, बीपी १५८/८४ आलं. वयात शंभर मिळवले की १६२ होतात, मग हे नॉर्मलच ना? डॉक्टरांनी गोळी का दिली?’

नाही, हे वाढलेलंच आहे. हृदय आकुंचन पावून रक्त ढकलतं तेव्हा धमनीत जो दाब येतो तो वरचा आकडा, सिस्टोलिक. दोन ठोक्यांमध्ये हृदय सैल पडतं तेव्हा उरतो तो खालचा, डायस्टोलिक. वयानुसार महाधमनी ताठर होते, धक्का झेलताना पूर्वीसारखी फुगत नाही. म्हणून वरचा आकडा चढतो आणि खालचा बरेचदा तिथेच राहतो किंवा उतरतो. असं पुष्कळांचं होतं, त्यावरूनच तो जुना हिशेब आला. पण या दाबाने मेंदूच्या आणि मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या साठीतही झिजतातच.

दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी वरचा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून जास्त आला, तर तो उच्च रक्तदाब. दोन्हींपैकी एक पुरतो, तुमचा ८४ चांगला असला तरी.

घरी मोजताना पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीला. हात खाली लोंबला तर आकडा खोटा वाढतो. मिनिटभराने पुन्हा मोजा, दोन्ही लिहून ठेवा.

९०/६० च्या खाली म्हणजे कमी, पण त्रास नसेल तर बहुधा काळजीचं नसतं. गोळी सुरू झाल्यावर उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र उभं राहून मोजा आणि डॉक्टरांना कळवा. गोळी परस्पर बंद करू नका.