प्लास्टर वाळून नव्हे, पाणी पिऊन घट्ट होतं

दहावीची परीक्षा जवळ आली की रसायनशास्त्राचे एकपानी तक्ते फोनवर फिरू लागतात: नाव, सूत्र, गुणधर्म, उपयोग, आणि शेवटी ‘हमखास चुका’चा रकाना. असाच एक तक्ता माझ्याकडे आला. बाकीचा ठीक होता, पण प्लास्टर ऑफ पॅरिसपुढे लिहिलं होतं: ‘पाणी उडून गेल्यावर कडक होते.’ चुका टाळायला शिकवणाऱ्या तक्त्यातच ही चूक होती. कॅल्शियमच्या घराण्यापुरता तो तक्ता मी पुन्हा मांडला, तो असा:

| नाव | सूत्र | गुणधर्म | उपयोग | कुठे फसतात |
|---|---|---|---|---|
| चुनखडी | CaCO₃ | पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आम्लात फसफसते | चुना, सिमेंट | फळ्यावरचा खडू बहुतेक वेळा चुनखडीचा नसून जिप्समचा असतो |
| कळीचा चुना | CaO | पाणी घालताच खूप तापतो | विरलेला चुना करण्यासाठी | पाणी घातल्यावर तो नुसता विरघळत नाही, नवं संयुग तयार होतं |
| विरलेला चुना | Ca(OH)₂ | आम्लारिधर्मी, पाण्यात थोडाच विरघळतो | भिंती रंगवणं, निवळी | CO₂ जास्त सोडला की दुधाळ झालेली निवळी पुन्हा स्वच्छ होते |
| जिप्सम | CaSO₄·2H₂O | मऊ खनिज | सिमेंट, प्लास्टर | सिमेंटमध्ये ते घट्ट होणं लांबवण्यासाठी घालतात, लवकर होण्यासाठी नव्हे |
| प्लास्टर ऑफ पॅरिस | CaSO₄·½H₂O | पाण्यात कालवलं की घट्ट होतं | मूर्ती, साचे, हाडं जुळवणं | खाली पाहा |

तिसऱ्या ओळीबद्दल एवढंच सांगतो, की विरलेला चुना आम्लारिधर्मी असल्यामुळे हळदीला लाल करतो. हळद लावलेल्या हातावर ‘मंतरलेलं’ पाणी शिंपडून रक्त काढणाऱ्या बाबाच्या तांब्यात चुन्याची निवळी असते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव हा प्रयोग करून दाखवतात.

आता शेवटची ओळ. पॅरिसमध्ये माँमार्त्रच्या टेकडीखाली जिप्समच्या खाणी होत्या, त्यावरून या पांढऱ्या पुडीला ते नाव मिळालं. जिप्सममध्ये प्रत्येक CaSO₄ मागे पाण्याचे दोन रेणू स्फटिकात बांधलेले असतात. हे झालं स्फटिकजल. जिप्सम शंभर अंशांच्या थोडं वर तापवलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी निघून जातं आणि प्लास्टर उरतं:

CaSO₄·2H₂O → CaSO₄·½H₂O + 1½H₂O

इथेच विद्यार्थी अडखळतात, कारण पाण्याचा अर्धा रेणू असूच शकत नाही. तो नसतोही. स्फटिकात दोन CaSO₄ मिळून पाण्याचा एक रेणू असतो आणि सूत्र एका CaSO₄ साठी लिहिल्यामुळे अर्धा दिसतो. तेच 2CaSO₄·H₂O असं लिहिलं तरी चालतं.

वजनं मांडून पाहू. जिप्समचं रेणुवस्तुमान 172, प्लास्टरचं 145. म्हणजे 172 ग्रॅम जिप्सममधून 27 ग्रॅम पाणी गेलं. पूड कालवताना नेमकं उलट घडतं: 145 ग्रॅम प्लास्टर 27 ग्रॅम पाणी परत घेतं आणि पुन्हा जिप्सम होतं. हे पाणी उडून जात नाही, दगडाचा भाग होतं. म्हणून कालवलेलं प्लास्टर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलं तरी कडक होतं आणि होताना गरम लागतं. नुसतं वाळत असतं तर ते थंड लागलं असतं, कारण बाष्पीभवन उष्णता ओढून घेतं. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी तक्त्यातली ती चूक पकडता येते.

पण नुसतं पाणी घेतल्यानं पुडीचा दगड का व्हावा? मला या सगळ्यात हेच सर्वांत आवडतं. प्लास्टर पाण्यात जिप्समच्या तीन-चार पट विरघळतं. एका लिटरमध्ये प्लास्टर साधारण आठ ग्रॅम विरघळतं, जिप्सम मात्र दोन-अडीच ग्रॅमच. कालवताच प्लास्टरचे कण विरघळू लागतात, आणि जिप्समच्या हिशोबानं पाण्यात कॅल्शियम आणि सल्फेटचे आयन फार जास्त होतात. ते जिप्समच्या बारीक, लांबट सुयांच्या रूपात बाहेर पडतात. आयन बाहेर पडले की आणखी प्लास्टर विरघळायला जागा होते, त्यातून आणखी सुया येतात. पूड संपेपर्यंत हे चालतं. सुगरणीच्या घरट्यात डिंक नसतो, गवताच्या पट्ट्या एकमेकींत विणल्यामुळेच ते टिकतं. तशाच या सुया एकमेकींत गुंततात. विरघळणं आणि पुन्हा स्फटिक होणं हा खुलासा 1880च्या दशकात आँरी ल शातेलिए यांनी मांडला. अकरावीत रासायनिक समतोलाच्या तत्त्वाबरोबर ज्यांचं नाव येतं, तेच हे.

यावरून कामावरचे बरेच अनुभव उलगडतात. एक किलो प्लास्टरला रसायनाच्या हिशोबानं फक्त 186 ग्रॅम पाणी लागतं, पण तेवढ्यात ते ओतता येण्याजोगं होत नाही, म्हणून कारागीर सहा-सातशे ग्रॅम घालतात. जास्तीचं पाणी पुढे खरोखरच वाळतं आणि मागे सूक्ष्म छिद्रं सोडतं. त्यामुळे पातळ कालवलेलं प्लास्टर कमजोर होतं. मोडलेल्या हाताचं प्लास्टर काही मिनिटांत कडक होतं, तरी डॉक्टर एक-दोन दिवस जपायला सांगतात. कडक होणं संपलेलं असतं, वाळणं बाकी असतं. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पोत्यातलं प्लास्टर हवेतला ओलावा घेत पोत्यातच थोडं थोडं जिप्सम होतं, आणि अशा पुडीचं पुढे धड काहीच बनत नाही. बादलीभर प्लास्टरमध्ये हात बुडवून ठसा घेण्याचा खेळ मात्र कुणी करू नये. मोठा गोळा चटका बसण्याइतका तापतो आणि कडक झाल्यामुळे हात सुटतही नाही.

जिप्सम जास्त तापवलं की सगळं पाणी जाऊन CaSO₄ उरतं, ते कडक होत नाही, असं पाठ्यपुस्तक सांगतं. परीक्षेत तेच लिहावं. प्रत्यक्षात दोनशे अंशांच्या आसपास मिळणारं कोरडं रूप पाणी झपाट्यानं ओढतं, इतकं की ते प्रयोगशाळेत ओलावा शोषायला वापरतात. बरंच जास्त तापवल्यावर मिळणारं रूपच खऱ्या अर्थानं निकामी होतं.

गणपतीच्या मूर्तींचा वादही याच ओळीत येतो. प्लास्टर ‘केमिकल’ आणि शाडू ‘नैसर्गिक’ ही मांडणी मला पटत नाही, कारण जिप्सम हेही खाणीतूनच निघतं. अडचण विरघळण्याची आहे. शाडूला विरघळावं लागत नाही, ती पाण्यात नुसती विस्कटते. दहा किलोची प्लास्टरची मूर्ती म्हणजे दहा किलो जिप्सम. लिटरला दोन ग्रॅम धरले तर ती पूर्ण विरघळायला पाच हजार लिटर स्वच्छ पाणी हवं, आणि तेही सावकाश. म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय सुचवला. त्यात कॅल्शियम चुनखडीच्या रूपात तळाशी बसतं आणि वर अमोनियम सल्फेटचं द्रावण उरतं, जे खत म्हणून वापरता येतं:

CaSO₄ + 2NH₄HCO₃ → CaCO₃ + (NH₄)₂SO₄ + CO₂ + H₂O

जिप्समपेक्षा चुनखडी पाण्यात कितीतरी कमी विरघळते, म्हणूनच ही अभिक्रिया पुढे सरकते. रंग मात्र तसेच राहतात. त्यातल्या जड धातूंवर या द्रावणाचा इलाज नाही.