दोघी एक झाल्या आणि फायदा तिसरीचा झाला

दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या की त्यांची स्पर्धा संपते, किंमत वाढते आणि दोघींचं भलं होतं, असं आपण सगळेच धरून चालतो. मीही बरीच वर्षं तेच धरून चाललो होतो. मग १९८३ साली सॅलंट, स्विट्झर आणि रेनॉल्ड्स या तीन अर्थशास्त्रज्ञांनी मांडलेला हिशोब वाचनात आला, आणि तो स्वतः कागदावर करून बघेपर्यंत माझा विश्वास बसला नाही. हिशोब शाळेतल्या गणिताचा आहे, तेव्हा इथे तोच सावकाश करूया.

आधी बाजार कसला ते ठरवू. या बाजारात कंपन्या किंमत ठरवत नाहीत, किती माल काढायचा ते ठरवतात. सगळ्यांचा माल बाजारात येतो, एकूण माल किती झाला त्यावर किंमत पडते, आणि ती सगळ्यांना सारखीच मिळते. खनिज, सिमेंट असल्या मालाचं थोडंफार असंच असतं, एकीचा माल दुसरीच्या मालापेक्षा वेगळा ओळखू येत नाही आणि उत्पादन किती हे आधीच ठरवावं लागतं. ही मांडणी मूळची फ्रेंच गणिती ऑगस्टिन कूर्नो याची, १८३८ सालची, त्याने खनिज पाण्याच्या झऱ्यांचे दोन मालक घेऊन ती समजावली होती.

आपण तीन कंपन्या घेऊ. अ, ब आणि क. तिघींनाही एक टन माल काढायला २० नाणी खर्च येतो, आणि किंमत ठरण्याचा नियम असा:

```
किंमत = १४० − एकूण माल (टन)
```

म्हणजे एक टन जास्त आला की किंमत एका नाण्याने उतरते. प्रत्येक कंपनी बघते की बाकीच्या दोघी किती काढतायत, आणि त्यावर आपल्याला सगळ्यात जास्त नफा कितीवर मिळेल ते काढते. हे असं करत करत गाडी एका जागी थांबते जिथे कुणालाच आपला आकडा बदलावासा वाटत नाही. इथे ती जागा म्हणजे प्रत्येकी ३० टन. एकूण ९० टन, किंमत ५०, खर्च वजा जाता टनामागे ३० सुटतात आणि प्रत्येकीचा नफा ९००.

आता अ आणि ब एक झाल्या. विलीनीकरणाआधी दोघींचा मिळून नफा होता १८००, तेव्हा नव्या कंपनीला यापेक्षा जास्त मिळायला हवं, नाहीतर एवढा खटाटोप कशाला.

पहिल्या दिवशी तसं मिळतंच. अ आधी एक टन वाढवायची तेव्हा उतरलेल्या किमतीचा फटका तिला फक्त स्वतःच्या ३० टनांवर बसायचा, ब च्या ३० टनांवर बसलेला फटका ही ब ची डोकेदुखी होती. आता दोन्ही फटके एकाच खिशातून जातात, त्यामुळे नवी कंपनी साहजिकच हात आखडता घेते. क अजून ३० टनच काढतेय असं धरलं तर नव्या कंपनीला सगळ्यात फायद्याचा आकडा निघतो ४५, आधीच्या ६० ऐवजी. एकूण माल ७५, किंमत ६५, टनामागे ४५ सुटतात, नफा २०२५. म्हणजे आधीपेक्षा २२५ जास्त, आणि आपला नेहमीचा समज इथपर्यंत अगदी बरोबर आहे.

पण क काही दगड नाही. तिच्या डोळ्यांसमोर किंमत ५० वरून ६५ झालीय, ती ३० टनांवर कशाला थांबेल? ती आपला हिशोब नव्याने करते आणि ३७.५ टनांवर जाते. किंमत उतरून ५७.५ होते, नव्या कंपनीचा नफा होतो ४५ गुणिले ३७.५, म्हणजे १६८७.५. बघा, एकाच पावलात ती १८०० च्या खाली आली. मग नवी कंपनी पुन्हा थोडा माल कमी करते, क पुन्हा थोडा वाढवते, आणि शेवटी दोघी ४० - ४० टनांवर येऊन थांबतात. एकूण ८० टन, किंमत ६०, प्रत्येकीचा नफा १६००. (खरं तर या सगळ्या पायऱ्या प्रत्यक्षात घडाव्याच लागतात असं नाही, दोघींना हिशोब येत असेल तर दोघी थेट ४० वर जातील, पण पायऱ्यांनी बघितलं की पैसे नेमके कुठून गळतायत ते दिसतं.)

तर अ आणि ब मिळून १८०० कमवायच्या, आता एक होऊन १६०० कमावतायत. आणि क, जिने काहीच केलं नाही, ती ९०० वरून १६०० वर गेली. किंमत वाढवायचं ओझं उचललं अ-ब ने आणि त्या वाढलेल्या किमतीवर जास्त माल विकला क ने.

इथे एक प्रश्न हमखास येतो, मलाही आला होता, की बाबांनो एक झालात तरी दोन्ही कारखाने पूर्वीसारखे ३० - ३० टन चालवा ना, मग नुकसान कसं होईल? कागदावर हे बरोबर आहे, ६० टन काढले आणि क ३० वर राहिली तर १८०० मिळतातच. अडचण अशी की क जर ३० वर असेल तर नव्या कंपनीच्या दृष्टीने ६० हा आकडा उत्तम नाहीच, ४५ उत्तम आहे, आणि हे क ला पक्कं माहीत आहे. त्यामुळे "आम्ही ६० च काढणार" या बोलण्यावर ती विश्वास ठेवत नाही. तो शब्द मोडता येणार नाही अशी काही सोय असती, समजा माल आधीच विकून करार पक्के झाले असते, तर गोष्ट वेगळी. पण त्यातही गंमत बघा, पहिली चाल कायमची आपली असली तरी क च्या उत्तराचा विचार करून या बाजारात सगळ्यात फायद्याचा आकडा बरोब्बर ६० च निघतो आणि नफा १८००. म्हणजे शब्द पाळायची पूर्ण ताकद असूनही नवी कंपनी फार तर जिथे होती तिथेच परत येते, त्याच्या पुढे एक नाणंसुद्धा नाही.

मग विलीनीकरण फायद्याचं कधी होतं? बाजारात मुळात दोघीच असतील तर लगेच होतं, कारण संधी साधायला बाहेर कुणी उरतच नाही. आपल्याच आकड्यांत अ आणि ब दोघीच असत्या तर वेगवेगळं राहून मिळून ३२०० आणि एक होऊन ३६००. पण तिसरी कंपनी आली की अशा सरळ बाजारात फक्त दोघींचं एकत्र येणं नेहमीच तोट्याचं, बाहेर एक असो नाहीतर पन्नास. आणि दोघींपेक्षा जास्त जणी एकत्र आल्या तर? सॅलंट आणि मंडळींनी काढलेली मर्यादा आहे ८० टक्के, बाजारातल्या निदान इतक्या कंपन्या एक व्हायला लागतात. पाचातल्या चार एक झाल्या तर ना नफा ना तोटा, दहातल्या आठ एक झाल्या तरी तोटाच, नऊ लागतात. आणि या सगळ्यात प्रत्येकीला मनातून वाटतं की इतरांनी एक व्हावं आणि आपण क सारखं बाहेर राहावं, कारण खरी मजा बाहेर राहण्यात आहे.

पण जगात तर विलीनीकरणं रोज होतात, मग हे सगळे वेडे आहेत का? माझ्या मते हिशोबातली कच्ची जागा शोधली की उत्तर सापडतं. आपण धरलं की कितीही माल काढा, टनामागे खर्च २० च. असं असेल तर दुसरा कारखाना हातात असण्याला काही किंमतच उरत नाही, कारण एका कारखान्यात वाटेल तेवढा माल तेवढ्याच खर्चात निघतो. म्हणून अ-ब ची नवी कंपनी क पेक्षा मोठी नाहीच, ती फक्त दुसरी एक कंपनी आहे, आणि बाजारातून निर्णय घेणारं एक डोकं कमी झालं एवढंच घडलं. १९८५ मध्ये पेरी आणि पोर्टर यांनी याच जागेवर बोट ठेवलं. खऱ्या कारखान्यात क्षमता ठरलेली असते, जास्त ओढलं की पुढचा टन महाग पडत जातो. अशा ठिकाणी दोन कारखान्यांची मालकीण खरोखर मोठी असते, शिवाय क ला एका कारखान्यातून उत्पादन झपाट्याने वाढवणं महागात पडतं, म्हणून ती पोकळी भरायला हळू येते आणि विलीनीकरण परवडू शकतं.

कंपन्या मालाऐवजी किंमत ठरवत असतील आणि त्यांचा माल एकमेकींपासून थोडा वेगळा असेल तरी चित्र उलटतं. तिथे अ-ब ने किंमत वाढवली की क सुद्धा आपली किंमत वाढवते, कारण तिच्याकडे गिऱ्हाईक आपोआप वळलेलं असतं. म्हणजे बाहेरच्या कंपनीचं उत्तर तिथे मदतीचं ठरतं आणि आपल्या बाजारात तेच उत्तर घात करतं. त्यामुळे एखाद्या धंद्यात हा तोटा होईल की नाही हे ओळखायचं असेल तर मी एकच गोष्ट आधी बघेन: एकीने हात आखडता घेतला तर दुसरी किती लवकर आणि किती स्वस्तात जास्त माल काढू शकते. बंद पडून असलेली क्षमता प्रतिस्पर्ध्याकडे भरपूर असेल तर अ-ब ने सावध राहावं.

दुसरी पळवाट खर्चाची. एक कारखाना बंद करून २०० पेक्षा जास्त ठरावीक खर्च वाचत असेल तर १६०० आणि १८०० मधली दरी तिथेच भरते. किंवा एक झाल्यामुळे टनामागचा खर्च २० वरून १६ वर आला तर नव्या कंपनीचा नफा साधारण १८२० होतो, म्हणजे धंदा परवडला. पण मग ग्राहकाकडे बघा. किंमत होते जवळपास ५८.७, आधीच्या ५० पेक्षा बरीच वर. आणि मी हट्टाने शेवटपर्यंत जाऊन बघितलं, नव्या कंपनीला माल अगदी फुकटात, शून्य खर्चात काढता आला असं धरलं, तरी किंमत ५३ च्या थोडी वरच राहते.